ओपीडीतली सलग नोंद सोपमध्ये बसवताना

पुण्यात बी.फार्म., बीएचएमएस किंवा नर्सिंग झालेली बरीच मुलं-मुली आता क्लिनिकल डॉक्युमेंटेशनच्या कामाला लागतात. मीही फार्मसी करून खराडीतल्या एका ऑफिसात हेच काम करते. डॉक्टरांनी ओपीडीच्या गर्दीत टाइप केलेली सलग नोंद आमच्याकडे येते आणि ती आम्ही पेशंटच्या रेकॉर्डमध्ये चार भागांत मांडतो: सब्जेक्टिव्ह, ऑब्जेक्टिव्ह, असेसमेंट आणि प्लॅन. चारही आद्याक्षरं मिळून सोप. अमेरिकेतले डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६०च्या दशकात पेशंटच्या एकेका प्रॉब्लेमभोवती रेकॉर्ड लिहायची पद्धत मांडली, तिथून ही मांडणी आली.

ट्रेनिंगमध्ये व्याख्या एका तासात पाठ होतात. पेशंटने सांगितलं ते सब्जेक्टिव्ह, तपासलं-मोजलं ते ऑब्जेक्टिव्ह, डॉक्टरांचं निदान ते असेसमेंट, पुढे करायचं ते प्लॅन. खरी अडचण पहिली नोंद समोर आल्यावर येते, कारण डॉक्टर त्या क्रमाने लिहीत नाहीत. पेशंट बोलतोय, डॉक्टर बीपी घेतायत, मध्येच जुना रिपोर्ट पुढे येतो आणि जे जसं समोर येईल तसं टाइप होतं. खालची नोंद मी शिकवण्यासाठी रचली आहे, पण रोज येतात त्या अशाच असतात.

```
52/F k/c/o DM2 x 8 yrs, HTN. c/o dry cough x 3/52,
no fever, no SOB. says sugars ok at home, FBS ~140.
o/e P 84 BP 146/90 RS clear. HbA1c 8.1 (12/6).
?enalapril cough. misses evening metformin.
stop enalapril, start telmisartan 40 OD. met CST.
CXR if no better. R/v 2/52
```

आधी नुसतं वाचूया. बावन्न वर्षांच्या बाई, आठ वर्षांपासून डायबेटिस, शिवाय बीपी. कोरडा खोकला `3/52`, म्हणजे तीन आठवडे. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून खाली ५२. याच हिशोबाने `3/7` म्हणजे तीन दिवस आणि `3/12` म्हणजे तीन महिने. ही खूण माहीत नसेल तर `3/7` ही तीन जुलै वाटते आणि खोकला कधी सुरू झाला तेच रेकॉर्डमध्ये चुकतं. पण त्याच नोंदीत `12/6` ही मात्र तारीखच आहे, कारण ती रिपोर्टच्या आकड्याला लागून कंसात आहे. ती बारा जून. काही सॉफ्टवेअरमध्ये तारखेची मांडणी अमेरिकन असते, तिथे तेच आकडे जसेच्या तसे भरले तर सहा डिसेंबर होते. वर्ष लिहिलेलं नाही, तेव्हा ते मूळ रिपोर्ट पाहूनच भरायचं. शेवटी `CST` म्हणजे आहे तेच औषध चालू ठेवा.

आता वाटणी. प्रत्येक तुकड्याला मी एकच प्रश्न विचारते: हे कोणाला, कसं कळलं? वाक्य नोंदीत कुठे आलंय याला काही अर्थ नाही.

खोकला, त्याचा काळ, ताप नाही, दम लागत नाही, हे सगळं बाईंनी सांगितलं, म्हणून सब्जेक्टिव्ह. ‘नाही’वालं उत्तरसुद्धा माहितीच असते. ताप नाही हे गाळलं, तर तो विचारला होता की नाही हेच पुढच्या डॉक्टरांना कळत नाही. घरची उपाशीपोटीची साखर साधारण १४० हा आकडा आहे, म्हणून नवीन मुलं तो हमखास ऑब्जेक्टिव्हमध्ये टाकतात. पण तो क्लिनिकमध्ये कोणी मोजलेला नाही, मशीनवरचा आकडाही कोणी पाहिलेला नाही. बाईंनी आठवून सांगितला, आणि `~` ही खूणही तेच सांगते. म्हणून तो ‘पेशंटच्या सांगण्यानुसार’ असं म्हणून सब्जेक्टिव्हमध्ये जातो, अंदाजाच्या खुणेसकट. काही ठिकाणी पेशंटने साखरेची वही आणली आणि डॉक्टरांनी ती पाहून आकडे उतरवले, तर ते ऑब्जेक्टिव्हमध्ये घ्यायची पद्धत आहे. आपल्या हॉस्पिटलचा नियम पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

संध्याकाळची मेटफॉर्मिन चुकते हे वाक्य निदानाच्या मागोमाग आलंय, त्यामुळे ते असेसमेंटमध्ये सरकवायचा मोह होतो. तेही बाईंनीच सांगितलेलं, त्यामुळे सब्जेक्टिव्ह. डोस लिहिलेला नाही. ‘संध्याकाळची’ म्हटलं म्हणजे दिवसातून दोनदा असेल असं वाटतं, पण ‘दोनदा’ हा शब्द आपण लिहायचा नाही.

ऑब्जेक्टिव्हमध्ये नाडी ८४, बीपी १४६/९०, छाती स्वच्छ आणि तारखेसह एचबीएवनसी ८.१. एवढंच. इथे टेम्प्लेटपासून सावध राहा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हृदय, पोट, मज्जासंस्था यांच्यापुढे ‘नॉर्मल’ आधीच भरलेलं असतं आणि आपण पुसलं नाही तर तसंच सेव्ह होतं. या नोंदीत डॉक्टरांनी पोट तपासल्याचं कुठेच नाही. एकाच दिवसाच्या पाच-सहा रेकॉर्डमध्ये हृदयाबद्दलचं वाक्य अक्षरशः तेच दिसलं, तर ते तपासणीतून न येता टेम्प्लेटमधून आलंय असं समजा आणि मूळ नोंदी उघडून बघा.

आणखी एक गोष्ट इथे दिसते. बाई म्हणतात साखर ठीक आहे आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट ८.१ दाखवते. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या जुळवणं आपलं काम नाही. दोन्ही आपापल्या भागात तशाच राहू द्यायच्या. ही विसंगती डॉक्टरांना दिसणं हाच तर चार भाग करण्याचा उपयोग आहे.

असेसमेंटपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. डॉक्टरांनी लिहिलंय `?enalapril cough`. हे प्रश्नचिन्ह म्हणजे निदानाचाच भाग आहे. एनालाप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला होतो, आणि गोळी थांबवल्यावर तो साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, कधी त्याहून जास्त वेळ घेतो. म्हणजे संशय खरा होता का, हे गोळी थांबवून वाट पाहिल्यावरच कळणार. आपण प्रश्नचिन्ह गाळून ‘एनालाप्रिलमुळे खोकला’ असं लिहिलं, तर कोणीतरी ते उचलून ॲलर्जीच्या यादीत टाकतं. मग खोकला उद्या दुसऱ्याच कारणाचा निघाला तरी ती नोंद बाईंच्या मागे वर्षानुवर्षं राहते आणि कधी गरज पडली तर त्या गटातलं औषध त्यांना मिळत नाही. म्हणून लिहायचं: ‘एनालाप्रिलमुळे खोकला असल्याचा संशय’.

डायबेटिसबद्दल डॉक्टरांनी असेसमेंटमध्ये काहीच लिहिलेलं नाही. टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा अशाच नोंदीवर मला म्हणाला, “मॅडम, एचबीएवनसी आठच्या वर आहे, अनकंट्रोल्ड डायबेटिस लिहू ना?”

मी विचारलं, “डॉक्टरांनी लिहिलंय?”

“नाही, पण दिसतंच आहे की.”

त्याचं वाचन बरोबर होतं, तरी ते रेकॉर्डमध्ये जायला नको होतं. साखरेचं लक्ष्य वय, इतर आजार, साखर खूप खाली जाण्याचा धोका पाहून पेशंटप्रमाणे ठरतं. ते ठरवायचा अधिकार तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे, आणि रेकॉर्डखाली सही त्यांची असते. १४६/९० बघून ‘बीपी आटोक्यात नाही’ लिहिणंही त्यातलंच. आकडे ऑब्जेक्टिव्हमध्ये आहेत, वाचणाऱ्याला दिसतील.

प्लॅनमध्ये तीन जागा नाजूक आहेत. पहिली, एनालाप्रिल बंद आणि टेल्मिसार्टन ४० सुरू. हे खोकल्यासाठीही आहे आणि बीपीसाठीही. प्रॉब्लेमप्रमाणे मांडताना ते दोन्हींखाली पूर्ण लिहिलं तर टेल्मिसार्टनच्या दोन ऑर्डर दिसतात. म्हणून खोकल्याखाली पूर्ण लिहायचं आणि बीपीखाली ‘वरीलप्रमाणे’. त्याहून मोठा धोका म्हणजे ‘बंद’ हा अर्धा भाग निसटणं. मग औषधांच्या यादीत दोन्ही गोळ्या चालू दिसतात, आणि त्या एकत्र घेतल्या तर रक्तातलं पोटॅशियम वाढण्याची आणि किडनीवर ताण येण्याची भीती असते. म्हणून नोंद झाल्यावर औषधांची यादी उघडून एनालाप्रिल खरंच बंद दिसतंय का ते बघायचं.

दुसरी जागा `met`. आधीच्याच ओळीत मेटफॉर्मिन पूर्ण लिहिलंय, म्हणून इथे शंका नाही. पण ती ओळ नसती तर? बाईंना बीपी आहे, आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल सर्रास दिलं जातं. एकाच पेशंटला दोन्ही औषधं चालू असतात असंही होतं. नोंदीतच उलगडा होत नसेल, तर मनाने पूर्ण नाव लिहू नका, विचारा.

तिसरी, छातीचा एक्स-रे. तो ‘बरं वाटलं नाही तर’ या अटीवर आहे. अट सुटली की ती सरळ ऑर्डर होते आणि बाई विनाकारण एक्स-रेच्या रांगेत उभ्या राहतात. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं हे मात्र बिनशर्त आहे.

सगळं मांडून झालं की मी उलट दिशेने तपासते. मूळ नोंद एका बाजूला ठेवून तिचा एकेक तुकडा नव्या मांडणीत सापडला की त्यावर रेघ मारते. शेवटी मूळ नोंदीत काही न खोडलेलं राहिलं तर ते गळलंय. मग नव्या मांडणीतलं प्रत्येक वाक्य घेऊन ते मूळ नोंदीत कुठे आहे ते शोधते. सापडलं नाही तर ते मी घातलंय. दुसरी फेरी वेळ नाही म्हणून बहुतेक जण सोडून देतात, आणि टेम्प्लेटमधलं ‘पोट नॉर्मल’ याच फेरीत पकडलं जातं.

डॉक्टरांना प्रश्न पाठवतानाही उत्तर त्यांच्या तोंडी घालायचं नाही. ‘डायबेटिस अनकंट्रोल्ड लिहू का?’ असं विचारलं तर घाईत ‘हो’ येतं. त्याऐवजी असं लिहा: ‘१२ जूनचा एचबीएवनसी ८.१, संध्याकाळची मेटफॉर्मिन चुकते असं पेशंटने सांगितलंय, मेटफॉर्मिन तशीच चालू. डायबेटिसबद्दल असेसमेंट लिहिलेलं नाही, कृपया सांगावं.’ हा प्रश्न रेकॉर्डच्या सिस्टीममधूनच जाऊ द्या. पेशंटच्या नावासकट स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, डॉक्टर ओळखीचे असले तरी. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर डायबेटिसच्या असेसमेंटपुढे ‘डॉक्टरांनी नमूद केलेले नाही’ एवढंच ठेवा आणि नोंद अपूर्णच्या यादीत राहू द्या.