व्हॅल्यू चेन आणि आरबीव्ही : केसच्या प्रश्नात दोन्ही एकमेकांना कसं जोडायचं

स्ट्रॅटेजीच्या पेपरला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी लिहितेय. हा पेपर पास झाल्यापासून मी ज्युनियर्सची सरावाची उत्तरं वाचून देते आणि एक गोष्ट जवळपास प्रत्येक गठ्ठ्यात दिसते. प्रश्न असतो 'कंपनीच्या स्ट्रॅटेजिक कॅपॅबिलिटीचं मूल्यमापन करा', आणि उत्तरात आधी व्हॅल्यू चेनची आकृती, तिच्या नऊच्या नऊ चौकटी भरलेल्या, मग पान उलटून रिसोर्स बेस्ड व्ह्यूची, म्हणजे आरबीव्हीची व्याख्या आणि व्हीआरआयओचा तक्ता. दोन्ही बरोबर, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नाही. खरं तर ही दोन मॉडेल्स एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. ग्राहक आपल्याला जास्त पैसे का देतो किंवा आपला खर्च कुठे वाचतो हे व्हॅल्यू चेन सांगते, आणि तेच काम स्पर्धकाला उद्या करता येईल का हे आरबीव्ही सांगतो.

पार्श्वभूमी थोडक्यात घ्या, परीक्षेत ती एका ओळीच्या वर लिहायची गरज नाही. व्हॅल्यू चेन मायकल पोर्टरने 1985 मध्ये मांडली. आरबीव्हीचा पाया वर्नरफेल्टच्या 1984 च्या लेखात आहे, आणि रिसोर्स मौल्यवान, दुर्मिळ, नक्कल करायला अवघड आणि पर्याय नसलेला हवा ही कसोटी जे बार्नीने 1991 मध्ये दिली. नंतर त्यानेच 'पर्याय' हा मुद्दा नकलेच्या प्रश्नातच घेतला आणि चौथा प्रश्न ऑर्गनायझेशनचा आणला, म्हणजे कंपनी त्या रिसोर्सचा फायदा घेता येईल अशी रचलेली आहे का. आपण वापरतो तो व्हीआरआयओ हाच, म्हणजे मौल्यवान आहे का, दुर्मिळ आहे का, नक्कल अवघड आहे का आणि ऑर्गनायझेशन, हे चार प्रश्न.

आता व्हॅल्यू चेनमधली नऊ कामं, प्रायमरी आणि सपोर्ट. प्रायमरी पाच : इनबाउंड लॉजिस्टिक्स, ऑपरेशन्स, आउटबाउंड लॉजिस्टिक्स, मार्केटिंग अँड सेल्स, सर्व्हिस. सपोर्ट चार : प्रोक्युअरमेंट, टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट, एचआर मॅनेजमेंट, फर्म इन्फ्रास्ट्रक्चर. पाठ सगळ्यांचं असतं, गोंधळ ठरावीक जागी होतो. माल उतरवून घेणं, साठवणं, कारखान्यात आत देणं हे इनबाउंड, पण सप्लायर निवडणं, भाव ठरवणं, करार करणं हे प्रोक्युअरमेंट, आणि ते फक्त कच्च्या मालाचं नसतं, जाहिरात एजन्सी नेमणं किंवा सर्व्हिसच्या गाड्या विकत घेणं हेही त्यातच येतं. इन्फ्रास्ट्रक्चर म्हणजे इमारत नाही, तर फायनान्स, प्लॅनिंग, क्वालिटी सिस्टिम, कोण कोणाला रिपोर्ट करतो हे सगळं. टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट म्हणजे नुसता आयटी विभाग नाही, प्रॉडक्टचं डिझाइन आणि प्रोसेस सुधारणंही त्यातच. सपोर्ट या शब्दामुळे ही कामं कमी महत्त्वाची वाटतात पण टिकाऊ फायदा बऱ्याचदा तिथूनच येतो, कारण ती पाचही प्रायमरी कामांना आडवी छेदून जातात.

चला, एक केस घेऊ. मी सरावासाठी बनवलेली आहे. समजा एक कंपनी हॉस्पिटलच्या लॅबसाठी सेंट्रिफ्यूज मशीन बनवते. स्पर्धकांची किंमत 100 धरली तर हिची 115. मशीन बंद पडलं तर 24 तासांत दुरुस्ती होते, इतरांना तीन दिवस लागतात. सर्व्हिस इंजिनियर सरासरी नऊ वर्षं टिकतात. गेल्या 12 वर्षांत झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवलेली आहे, कुठला पार्ट किती तास चालल्यावर गेला इथपर्यंत. दोन वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक वेअरहाऊस बसवलं, त्याने ऑर्डर पाठवण्याचा वेळ निम्मा झाला. इंजिनियरना बोनस मिळतो तो महिन्यात किती दुरुस्त्या केल्या त्यावर. सर्व्हिस हेड सेल्स मॅनेजरला रिपोर्ट करतो आणि दुरुस्तीच्या नोंदी डिझाइन टीमकडे वर्षातून एकदा जातात. आणि एक नवा स्पर्धक इथल्या इंजिनियरना 40 टक्के जास्त पगार देऊ करतोय. प्रश्न : कंपनीच्या कॅपॅबिलिटीचं मूल्यमापन करा आणि तिचा फायदा टिकेल का ते सांगा, 20 मार्क.

पहिली पायरी नऊ चौकटी भरण्याची नाही. आधी विचारा, 100 ऐवजी 115 कशाचे? लॅबचं मशीन बंद म्हणजे रिपोर्ट अडकले, सॅम्पल वाया गेली, म्हणून लॅब बंद वेळ टाळण्याचे पैसे देतेय. आता हा फायदा चेनमध्ये कुठे तयार होतो ते शोधा. दिसायला सर्व्हिसमध्ये, पण सर्व्हिस एकटी 24 तास पाळू शकत नाही. योग्य पार्ट वेळेत पाठवणं आउटबाउंडचं काम, कुठला पार्ट बिघडणार हा अंदाज नोंदींवरून, आणि नोंदी वाचून अंदाज बांधणारी माणसं नऊ वर्षं टिकतात ते एचआरमुळे. याला पोर्टर लिंकेज म्हणतो, एका कामाची पद्धत दुसऱ्या कामाचा खर्च किंवा दर्जा बदलते तो दुवा. तुमच्या उत्तरात असे दोनतीन दुवे असतील तर बाकीच्या चौकटींना हात लावला नाही तरी चालतं. मार्केटिंगबद्दल केसमध्ये काही नाही ना, मग 'कंपनीने मार्केटिंग सुधारावं' असलं वाक्य कशाला लिहायचं?

दुसरी पायरी, सापडलेल्या गोष्टी एकेक करून व्हीआरआयओमधून काढायच्या.

वेअरहाऊस घ्या. मौल्यवान आहे, वेळ निम्मा झाला. आज कदाचित दुर्मिळही असेल. पण ती सिस्टिम बाजारात विकत मिळते, पैसे असलेला कुठलाही स्पर्धक ती बसवेल, म्हणजे फायदा तात्पुरता आणि काही दिवसांनी नुसती बरोबरी. ज्युनियर्स इथे सगळ्यात जास्त ओळी खर्च करतात कारण केसमध्ये वेअरहाऊसचं कौतुक मोठं असतं.

इंजिनियर घ्या. एकेक इंजिनियर म्हणून पाहिलं तर त्यांना फोडता येतं, 40 टक्क्यांची ऑफर तेच सांगते. आणि इथे एक बारीक मुद्दा आहे जो चांगल्या उत्तरात दिसतो, ऑफर रोखायला कंपनीने पगार वाढवला तर 15 च्या प्रीमियममधला मोठा वाटा इंजिनियरकडेच जाईल, म्हणजे रिसोर्स राहील पण मार्जिन राहणार नाही. फायदा तयार होणं वेगळं आणि तो कंपनीच्या हातात उरणं वेगळं.

आता 12 वर्षांच्या नोंदी, त्या वाचायची सवय लागलेली टीम, आणि पार्ट आधीच तयार ठेवण्याची पद्धत हे तिन्ही एकत्र घ्या. हे मौल्यवान आहे, दुर्मिळ आहे, आणि नक्कल अवघड का याची कारणं नाव घेऊन सांगता येतात. एक, इतिहास : 12 वर्षांच्या नोंदी दोन वर्षांत तयार होत नाहीत, कितीही पैसे ओता. दोन, कारण धूसर असणं, ज्याला कॉझल अँबिग्युइटी म्हणतात : बाहेरच्याला 24 तास दिसतात, पण ते नोंदींमुळे की माणसांमुळे की साठ्यामुळे हे कळत नाही. तीन, सामाजिक गुंतागुंत : ज्ञान एका डोक्यात नाही, टीमच्या आपापसातल्या कामात आहे, म्हणून चार माणसं फोडली तरी पद्धत सोबत जात नाही. नुसतं 'हे इनिमिटेबल आहे' लिहून सोडलं तर तो दावा झाला, कारण दिलं की ते विश्लेषण होतं.

शेवटचा प्रश्न ऑर्गनायझेशन, आणि या केसचा जीव मला इथेच वाटतो. ग्राहक पैसे देतो मशीन बंद पडू नये म्हणून, आणि बोनस मिळतो जास्त दुरुस्त्या केल्या तर! बिघाड आधीच टाळणारा इंजिनियर इथे तोट्यात जातो. नोंदी डिझाइनकडे वर्षातून एकदा जातात, म्हणजे वारंवार जाणारा पार्ट बारा महिने तसाच बनत राहू शकतो. ही दोन्ही सपोर्टची कामं, एचआर आणि इन्फ्रास्ट्रक्चर, आणि तीच प्रायमरीतल्या सर्व्हिसचा फायदा खातायत. म्हणून निष्कर्ष 'टिकाऊ फायदा' असा सरळ नाही, तर टिकू शकेल असा रिसोर्स आहे पण कंपनी तो पूर्ण वापरत नाहीये. हे वाक्य व्हॅल्यू चेनशिवाय लिहिता आलं नसतं आणि व्हीआरआयओशिवायही नाही.

एक मर्यादा जरूर लिहा, दोन ओळींत. आरबीव्ही कंपनीच्या आत बघतो, पण एखादी गोष्ट मौल्यवान आहे की नाही हे बाहेर ठरतं. समजा उद्या एखाद्याने सेन्सर असलेलं मशीन आणलं जे पार्ट जायच्या आधी स्वतःच कळवतं, तर कुणी नोंदींची नक्कल केलेली नाही तरीही त्यांचं मोल घसरलं. हा पर्यायाचा धोका. केसमध्ये तंत्रज्ञान बदलतंय अशी ओळ असेल तर ती इथे वापरा, नसेल तर शक्यता म्हणून मांडा, ठाम विधान नको.

लिहिण्याबद्दल. केस वाचताना समासात खुणा करा, कामाचं आद्याक्षर आणि शेजारी अधिक किंवा उणे, आणि दोन खुणा एकमेकांवर अवलंबून दिसल्या की बाण. वाचून झाल्यावर ज्या खुणेला सगळ्यात जास्त बाण मिळतात तिथून उत्तर सुरू करा. कच्चं वाक्य असं असतं, 'एचआर : कंपनीचे इंजिनियर अनुभवी आहेत, ही ताकद आहे.' पक्कं असं, 'इंजिनियर नऊ वर्षं टिकतात म्हणून 12 वर्षांच्या नोंदींचा अर्थ लावता येतो आणि 24 तासांचा शब्द पाळता येतो. यासाठी लॅब 15 टक्के जास्त देते, पण बोनसची पद्धत याच्या उलट दिशेला ढकलते.' केसमधले आकडे, दुवा, ग्राहकाला काय मिळतं आणि धोका, सगळं दोन वाक्यांत आलं. वीस मार्कांना असे चार मुद्दे पुरतात, आठ लिहायला गेलात तर सगळे कच्चे राहतात.

आणि प्रश्नातलं क्रियापद बघा. 'मूल्यमापन करा' असेल तर निकाल द्यायलाच हवा, टिकेल, नाही, की अमुक अटीवर टिकेल. शिफारस मागितली असेल तरच बोनस मशीन चालू राहिलेल्या तासांवर द्यावा, नोंदी दर महिन्याला डिझाइनकडे जाव्यात हे लिहा. मागितली नसेल तर तो वेळ पुढच्या प्रश्नाला द्या.