डिलिव्हरी किंवा राइडचे काम सोडताना अडकलेली कमाई कशी मागावी

काम सोडायचे ठरले की बरेचजण पहिल्यांदा ॲपमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करतात. हे सगळ्यात शेवटी करायचे असते. आयडी बंद झाला की लॉगिन जाते, लॉगिनबरोबर ट्रिपांची यादी, कमाईचा तपशील आणि तिकीट, म्हणजे ॲपमधली लेखी तक्रार, टाकायची जागाही जाते. मग तुमच्याकडे फक्त तोंडी दावा उरतो. "ॲप काढून टाक, पैसे आपोआप येतील" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फोनमधून ॲप काढल्याने आयडी बंदही होत नाही.

थांबायचा दिवस पेआउटच्या चक्राप्रमाणे ठरवा. हिशोब सोमवार ते रविवार होत असेल तर रविवारी रात्री शेवटची ऑर्डर घ्या. आठवड्याच्या टार्गेटचा इन्सेंटिव्ह बऱ्याचदा चक्र संपल्यावरच जमा होतो, त्यामुळे मधेच गुरुवारी सोडले तर तो हातचा जाण्याची शक्यता मोठी.

त्याच रात्री स्क्रीनशॉट घ्या: चालू आणि मागच्या दोन चक्रांची कमाई, इन्सेंटिव्हच्या अटी, हातातील रोख, डिपॉझिट आणि बँक खात्याचे शेवटचे चार आकडे. तारीख आणि पार्टनर आयडी दिसला पाहिजे.

आता खरी अडचण, म्हणजे रोखीचा हिशोब. बहुतेक भांडणे इथेच अडकतात, कारण ॲपवर दिसणारी कमाई आणि खात्यात येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिलिव्हरीत ग्राहकाने दिलेली रोख पूर्णपणे कंपनीची असते आणि ती तुमच्या कमाईतून वळती होते. कमिशनवर चालणाऱ्या राइडमध्ये उलट आहे: 300 रुपये रोख भाडे तुमच्याच खिशात राहते, पण त्यावरचे कमिशन, समजा 60 रुपये, शिल्लकीतून वजा होते. रोखीच्या राइड जास्त असतील तर शिल्लक उणेमध्येही जाते, आणि मग पैसे तुम्हालाच भरायचे असतात. दावा करण्याआधी हे तपासा.

डिलिव्हरीचे एक उदाहरण घेऊ. शेवटच्या आठवड्यात ऑर्डरचे 3,850, टिप 210 आणि इन्सेंटिव्ह 600, मिळून 4,660 रुपये. ग्राहकांकडून रोख 1,740 घेतली, त्यातले 900 शनिवारी ऑनलाइन भरले, म्हणजे हातात 840 राहिले. 4,660 मधून 840 गेले की येणे 3,820. खात्यात मात्र 2,920 आले. फरक बरोबर 900, म्हणजे शनिवारचा भरणा कंपनीकडे जमा धरलाच गेलेला नाही. फरक 600 असता तर संशय इन्सेंटिव्हवर गेला असता. फरकाचा आकडा कोणत्या नोंदीशी जुळतो ते पाहिले की निम्मे काम झाले. कोणत्याच नोंदीशी जुळत नसेल तर दंड, करकपात किंवा परत केलेली ऑर्डर शोधा. अनेकदा दोन कपाती एकत्र आलेल्या असतात.

तिकिटात "माझे पैसे द्या" लिहू नका. त्याला साच्यातले उत्तर येते आणि तिकीट बंद होते. असे लिहा:

"पार्टनर आयडी अमुक. या चक्राचे येणे 3,820, मिळाले 2,920, फरक 900. शनिवारी भरलेल्या रोखीचा यूटीआर क्रमांक अमुक, पावती सोबत. ही रक्कम जमा करावी. नाकारत असाल तर कोणत्या नोंदीमुळे, ते लेखी कळवावे."

एका तिकिटात एकच रक्कम मागा. डिपॉझिटसाठी वेगळे तिकीट. दोन्ही एकत्र घातले की एक भाग सुटतो आणि अख्खे तिकीट "सोडवले" म्हणून बंद होते. बंद झालेच तर नवे टाकण्याऐवजी त्याच तिकिटाखाली उत्तर द्या, म्हणजे जुन्या तारखा एका जागी राहतात. फोनवर कोणी कबूल केले तर लगेच तिकिटात लिहून टाका: "आज अमुक वाजता फोनवर असे सांगण्यात आले." फोनवरच्या शब्दाला पुढे कोणी विचारत नाही.

पुढचे चक्र संपूनही हालचाल नसेल तर ॲपच्या अटींमध्ये दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. तिकीट क्रमांक, तोच हिशोब, तेच पुरावे. नवी कहाणी नको.

बॅग आणि जॅकेट परत करताना पावती घ्या. पावतीशिवाय डिपॉझिट मागणे अवघड होते.

बँक खाते मात्र या काळात बंद करू नका किंवा बदलू नका. नाव किंवा खाते क्रमांक जुळला नाही तर पेआउट परत जाऊ शकतो, पडताळणी नव्याने होते आणि आयडी निष्क्रिय असेल तर ती पडताळणी करायचा रस्ताच बंद असतो. शेवटची रक्कम बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसली, डिपॉझिट आले, की मग अकाउंट डिलीट करा.