रापणकरांच्या मुलाखतींवरचा निष्कर्ष टिकतो का, हे कसं तपासाल?

समजा, मालवण तालुक्यातल्या एका वाडीत तुम्ही बारा रापणकरांच्या मुलाखती घेतल्यात. प्रश्न असा की रापण, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढायला तरुण का येत नाहीत? मुलाखती वाचताना तुम्ही एका मुद्द्याला नाव दिलंत : ‘तरुणांना आवड नाही’. हा निष्कर्ष अहवालात जाण्याआधी त्याला तीन चाळण्या लावायच्या आहेत. लिंकन आणि गुबा या अभ्यासकांनी १९८५ साली गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेची जी मांडणी केली, तिच्यात या तिन्ही आहेत.

पहिली चाळणी मेंबर चेकिंगची. ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे आपला अर्थ परत न्यायचा. इथे बहुतेक जण मुलाखतीचा चाळीस पानी मजकूर माणसाच्या हातात देतात. तो कोणी वाचत नाही आणि वाचलाच तर शुद्धलेखन सुधारून देतो. त्याऐवजी आपले तीन-चार निष्कर्ष एका पानावर, बोलीत लिहा आणि समोर बसून वाचून दाखवा. त्यात इतरांची वाक्यं जशीच्या तशी घेऊ नका. एवढ्याशा वाडीत कोण काय बोललं हे लगेच ओळखू येतं.

वेळही बघून ठरवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि खवळलेल्या दर्यात रापणही लागत नाही. माणसं जाळी दुरुस्त करत घरी बसलेली असतात. सकाळी किनाऱ्यावर गाठून होणारं बोलणं आणि पावसात पडवीत बसून होणारं बोलणं यांत फार फरक पडतो.

खरी अडचण आपल्याकडच्या अगत्याची आहे. पाहुण्याला तोंडावर ‘चुकलंत’ म्हणायचं नाही, म्हणून सगळ्याला ‘बरोबर आसा’ असं उत्तर येतं. पाच मिनिटांत सगळं मान्य झालं आणि एकही नवी गोष्ट कळली नाही, तर पडताळणी झालीच नाही असं समजा. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारूच नका. ‘हे ऐकून वाडीतलं कोण रागावेल?’ किंवा ‘यात काय राहून गेलं?’ असं विचारा. तांडेलासमोर खलाशाला विचारू नका, दोघांना वेगवेगळं भेटा.

आपल्या उदाहरणात एक म्हातारे रापणकर पान ऐकून म्हणतात, “आवड नाय असा कोन म्हणता? वाट्यार घर चलना नाय.” म्हणजे मासळी विकून आलेल्या पैशातून जाळ्याचा आणि होडीचा वाटा निघाल्यावर माणशी जे उरतं, त्यावर घर चालत नाही. तुम्ही ज्याला मनोवृत्ती म्हणत होतात, तो हिशेब निघाला.

आता लगेच जुनं नाव खोडू नका. ऑडिट ट्रेल, म्हणजे निर्णयांची नोंदवही, ही दुसरी चाळणी इथेच कामाला येते. त्या दिवशीची तारीख घालून लिहा : ‘“तरुणांना आवड नाही” हे नाव बदलून “वाटा पुरत नाही” केलं. कारण : मुलाखत ४ ची पडताळणी. मुलाखत ७ आणि ९ पुन्हा वाचल्या. ७ मध्ये आधार सापडला, ९ मध्ये नाही.’ शेवटचे तीन शब्द सगळ्यात मोलाचे. विरोधात जाणारी नोंद नसलेल्या वहीवर माझा तरी विश्वास बसत नाही. फाईलची जुनी प्रतही ठेवा, तिच्यावरच नवी साठवू नका. वही नीट आहे का हे पाहायला एखाद्या सहकाऱ्याला अहवालातलं कुठलंही एक वाक्य निवडू द्या. तिथून मागे जात त्याला मुलाखतीच्या नेमक्या पानापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. वाट जिथे तुटेल, तिथे तुम्ही नोंद न करता काहीतरी ठरवलेलं असतं.

तिसरी चाळणी ट्रँग्युलेशनची : तीच गोष्ट वेगळ्या बाजूंनी पाहणं. वाट्यांची वही बघायला मिळाली तर बघा, चार-पाच पहाटे रापण ओढताना स्वतः हजर राहा आणि मासळी विकणाऱ्या बायकांशी बोला. एकाच घरातल्या तिघांशी बोललात तर ती बाजू एकच धरायची.

समजा, वहीतून वाटा खरंच तुटपुंजा दिसतो. पण बायका सांगतात की बांगडा लागल्याची खबर आली की तीच पोरं धावत येतात. एरवी ती तारकर्लीला पर्यटकांच्या बोटींवर असतात. तुम्हालाही एका पहाटे दोरीवर पाच तरुण दिसतात. इथे दोन विरुद्ध एक असं मत मोजू नका. रापणकर वर्षाचा हिशेब सांगतायत, बायका त्या दिवसाचा. दोन्ही खरं धरलं की निष्कर्ष पुन्हा बदलतो : तरुणांनी रापण सोडलेली नाही, कुठल्या दिवशी यायचं हे ते ठरवतात. ही नोंदही तारखेसह नोंदवहीत जाते आणि नवं पान घेऊन त्याच म्हाताऱ्या रापणकरांच्या पडवीत पुन्हा जायचं असतं. या वेळी त्या पाचांपैकी एखाद्यालाही वेगळं भेटा, कारण आतापर्यंत त्याच्याबद्दल सगळे बोललेत, त्याला कोणी विचारलेलं नाही.