बोंडअळीची एक स्लाइड आणि तिची लेखी टिपणं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कृषी पदविका केली. कीटकशास्त्राच्या सरांच्या स्लाइडा फार सुरेख असत. पण त्यांत वाचायला जवळजवळ काही नसे. फोटो, बाण, गोल, एखादा आलेख आणि वर चार शब्दांचा मथळा एवढंच. सर समजावून सांगायचे तेव्हा सगळं कळायचं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र वर्गाच्या ग्रुपवरचे तेच फोटो उघडले की बाण कुठून कुठे जातोय तेही आठवायचं नाही.

आमच्यातली निम्मी मुलं खेड्यावरून एसटीने यायची आणि उजळणी झेरॉक्सवरच करायची. झेरॉक्स काळीपांढरी. गुलाबी बोंडअळी, हिरवी बोंडअळी आणि ठिपक्यांची बोंडअळी अशा तीन अळ्या एका स्लाइडवर शेजारी शेजारी होत्या. झेरॉक्समध्ये तिन्ही करड्या निघाल्या. ज्या चित्राचा सगळा अर्थ रंगात होता, ते चित्र कागदावर येऊन निरुपयोगी झालं. तेव्हा मी स्लाइडांचं शब्दांत रूपांतर करायला घेतलं. हे काम नव्याने करणाऱ्यांसाठी एकच स्लाइड घेऊन सविस्तर सांगतो. स्लाइड आहे गुलाबी बोंडअळीच्या जीवनचक्राची. 2017 च्या हंगामात या अळीने आपल्याकडच्या कपाशीची काय दशा केली होती ते घरोघरी माहीत आहे, त्यामुळे परीक्षेत हा प्रश्न ठरलेलाच.

आधी फाइल कशी उघडायची ते सांगतो, कारण इथेच बरंच काही हरवतं. सर पीडीएफ पाठवत. स्लाइडवर एकामागून एक येणारी चित्रं पीडीएफमध्ये एकावर एक चढलेली दिसतात आणि खालचं चित्र झाकून जातं. म्हणून सरांकडे मूळ पॉवरपॉइंट फाइल मागा, कॉलेजच्या संगणकावर ती स्लाइड शो करून चालवा आणि कुठलं चित्र, कुठला बाण कितव्या क्लिकला येतो ते वहीत लिहा. तो क्रम म्हणजे सरांचा शिकवण्याचा क्रम, आणि टिपणातही तोच ठेवला की वाचणाऱ्याला वर्गातलं बोलणं आठवतं. दुसरं म्हणजे `View` मध्ये जाऊन `Notes Page` उघडून पाहा. आमच्या सरांनी कितीतरी स्लाइडांखाली दोन-दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या पडद्यावर कधीच दिसल्या नव्हत्या. जुन्या स्लाइडांतला मराठी मजकूर कॉपी करून पेस्ट केला की त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिड गठ्ठा आला, तर तो जुन्या फाँटमधला आहे असं समजा आणि हातानेच पुन्हा टाइप करा. दुरुस्त करत बसलात तर जास्त वेळ जातो, आणि एखादी वेलांटी चुकीची राहून जाते ती वेगळीच.

आता स्लाइड. मधोमध एक गोल. वर अंडी, उजवीकडे अळी, खाली कोष, डावीकडे पतंग. त्यांना जोडणारे चार जाड बाण. अळीपासून निघणारा एक तुटक बाण बाहेर जाऊन एका सरकीच्या चित्रापाशी थांबलेला आणि तिथून परत कोषाकडे आलेला. प्रत्येक चित्राजवळ दिवसांचे आकडे.

माझं पहिलं टिपण असं होतं: ‘गुलाबी बोंडअळीच्या चार अवस्था असतात. अंडी, अळी, कोष, पतंग. हे चक्र साधारण महिनाभरात पूर्ण होतं. कोषानंतर सुप्तावस्था असू शकते.’ वाचायला ठीक वाटत होतं. खोलीवरच्या मित्राने तो तास बुडवला होता. त्याला मी स्लाइड न दाखवता हा कागद दिला आणि म्हटलं, यावरून चित्र काढून दाखव. त्याने गोल काढला, चार नावं लिहिली आणि अडला. ‘हा कोष कुठी ठेवू बे? बोंडात का जमिनीत? अन् अंडी कशावर?’ मग त्याने तुटक बाण कोषातून काढला, कारण मी तसंच लिहिलं होतं. ते साफ चूक होतं. सुप्तावस्थेत जाते ती पूर्ण वाढलेली अळी. थंडीत, दिवस लहान झाले की शेवटच्या पिढीतल्या अळ्या सरकीत जाऊन निजतात, बऱ्याचदा दोन सरक्या जोडून त्यांच्या मधे, आणि हवामान मानवलं की मग कोषात जातात. माझ्या एका वाक्याने अळीच्या जागी कोष बसवला होता. परीक्षेत ‘फरदड का घेऊ नये’, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात का राखू नये, हा प्रश्न आला असता तर उत्तराचा पायाच निखळला असता.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बाणाला एक प्रश्न विचारायला लागलो. हा बाण ‘यापासून ते होतं’ असं सांगतो, का ‘इथून तिथे जातं’ असं, का ‘यामुळे ते घडतं’ असं? चित्रात तिन्ही अर्थांना एकच बाण चालतो. मराठीत मात्र क्रियापद निवडावंच लागतं. ‘अळी कोष’ असं नुसतं लिहून चालत नाही. ‘अळी बोंडातून बाहेर पडून जमिनीवर येते आणि तिथे कोषात जाते’ असं लिहिलं की बाणाचा अर्थ पक्का होतो. तुटक बाण दिसला की तो नेहमीचा रस्ता नाही, ठरावीक वेळीच घडणारी गोष्ट आहे, हे शब्दांत यायलाच हवं: कधी, कुणाच्या बाबतीत, आणि परत कुठे मिळते.

दुसऱ्यांदा लिहिलेलं टिपण पूर्ण देतो:

‘चित्र: गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र. एक गोल, आणि त्याला बाहेरून जाणारी एक आडवाट. सुरुवात वरून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने.

अंडी: मादी पतंग पात्या म्हणजे कळ्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. 3 ते 6 दिवसांत अळी निघते.

अळी: लहानपणी पांढुरकी, डोकं गडद तपकिरी. मोठी झाल्यावर अंगावर गुलाबी पट्टे. फुलात असली तर पाकळ्या आतून बांधून टाकते, फूल उमलत नाही. तीच डोमकळी. बोंडात शिरली की आत जाण्याचं छिद्र बुजून जातं, म्हणून बोंड बाहेरून चांगलं दिसतं. आत सरकी खाते. साधारण दोन आठवडे.

कोष: पूर्ण वाढलेली अळी बोंडाला बारीक गोल छिद्र पाडून बाहेर येते आणि मुख्यतः जमिनीवरच्या पालापाचोळ्यात किंवा भेगांत कोषात जाते.

पतंग: कोषातून निघतो. रात्री उडतो. मादी पुन्हा अंडी घालते आणि गोल पूर्ण होतो.

आडवाट (तुटक बाण): फक्त हंगामाच्या शेवटी. पूर्ण वाढलेली अळी कोषात न जाता सरकीत सुप्त राहते. पुढे अनुकूल काळ आला की कोषात जाते, म्हणजे गोलात परत मिळते.’

हा कागद दिल्यावर मित्राने जवळजवळ सरांचंच चित्र काढलं. शिवाय स्वतःहून म्हणाला, ‘मंग एकदा बोंडात शिरली तर फवारा पोचणारच नाही.’ हे वाक्य स्लाइडवर कुठेच नव्हतं, सर तोंडी बोलले होते. छिद्र बुजतं हे टिपणात आलं म्हणून त्याला ते आपोआप सुचलं. माझ्या मते वर्णन उतरलंय की नाही हे तपासायला याहून चांगली रीत नाही: ज्याने स्लाइड पाहिलेली नाही त्याला काढायला लावा आणि त्याची पेन्सिल जिथे थांबते ते वाक्य परत लिहा.

चित्रात दिसतं ते आणि सरांनी तोंडी सांगितलं ते मी वेगळं ठेवतो. तोंडी सांगितलेल्याच्या आधी ‘वर्गात:’ असं लिहितो. नंतर शंका आली तर कुठे तपासायचं ते कळतं, आणि सरांचं बोलणं चित्राच्या नावावर खपत नाही.

तीन अळ्यांच्या फोटोंसाठी पद्धत वेगळी लागते. तिथे प्रत्येक फोटोचं पूर्ण वर्णन करत बसायचं नाही. फोटो शेजारी ठेवलेत ते फरक दाखवायला, म्हणून फरकच लिहायचा, आणि शक्य तो रंगावर न विसंबणारा. हिरवी बोंडअळी अर्धं अंग बोंडाबाहेर ठेवून खाते आणि मोठं गोल छिद्र उघडं राहतं. गुलाबीचं छिद्र शोधूनही सापडत नाही, बोंड फोडूनच पाहावं लागतं. ठिपक्यांची आधी कोवळे शेंडे पोखरते, शेंडा सुकून लोंबतो. एवढ्या तीन वाक्यांवर माणूस शेतात उभा राहून अळी ओळखतो. बाबांना वाचून दाखवलं तर ते लगेच म्हणाले, ‘हो, मागं पऱ्हाटीचे शेंडे असेच लोंबले होते.’

आलेखाबद्दल थोडंच. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांचा आलेख होता. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर एका सापळ्यात एका रात्री सापडलेले पतंग, आणि 8 वर आडवी तुटक रेघ. नवीन माणूस ‘पतंगांची संख्या वाढत जाते’ असं लिहून मोकळा होतो. त्याने काहीच हाती लागत नाही. आधी दोन्ही अक्ष एककांसकट लिहा. मग त्या रेघेचा अर्थ: प्रति सापळा 8 पतंग, आणि तेही सलग 3 रात्री, ही आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे जिथे उपाय करायलाच हवा ती हद्द. ‘सलग 3 रात्री’ हे शब्द रेघेत दिसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय रेघ अपुरी आहे. शेवटी वक्ररेषा ती रेघ कुठल्या आठवड्यात ओलांडते ते लिहा. बिंदू दोन खुणांच्या मधे असेल तर ‘साधारण’ लिहा, नेमका आकडा ठोकून देऊ नका. सरांच्या त्याच स्लाइडच्या कोपऱ्यात हिरव्या बोंडांचं चित्र होतं. त्याचं टिपण एका ओळीत झालं: 20 हिरवी बोंडं फोडून पाहिली आणि 2 मध्ये अळी किंवा नुकसान दिसलं, तर 10 टक्के, म्हणजे पातळी गाठली.

काही चित्रं शब्दांत उतरतच नाहीत. पतंगाच्या पंखावरच्या शिरांची रचना मी तीनदा लिहून पाहिली. अर्धं पान भरलं तरी मित्राला काढता आली नाही. अशा वेळी काळ्या पेनाने साधं रेखाचित्र काढायचं, भागांना 1, 2, 3 असे आकडे द्यायचे आणि खाली नावं लिहायची. रेघा झेरॉक्समध्ये नीट उतरतात. छायाचित्र आणि रंगवलेले भाग काळे पडतात.

एका स्लाइडला मला सुरुवातीला पाऊण तास लागायचा, पुढे वीस मिनिटांवर आलं. एका कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून पाच-सहा स्लाइडा बसवायच्या, त्याहून जास्त नाही. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर स्लाइडचा क्रमांक टाकायचा, म्हणजे ज्याच्याकडे फोन आहे त्याला मूळ चित्र उघडून शेजारी धरता येतं. आमच्या बॅचचा हा गठ्ठा पुढच्या वर्षीच्या मुलांनी मागून नेला. त्यातल्या एका मुलीने डोमकळीच्या ओळीशेजारी पेन्सिलीने गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल काढलं होतं. आता मी कुणाला झेरॉक्स देतो ती तिच्याच प्रतीवरून काढून देतो.