ठिबक आणि फवारणी पंप: ब्रँड ठरवण्याआधी सर्व्हिस अशी तपासा

दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं आणा. लॅटरलचा व्यास आणि जाडी, ड्रीपरचा ताशी डिस्चार्ज आणि दोन ड्रीपरमधलं अंतर सगळ्यांत एकसारखं लिहून घ्या, नाहीतर तुलनाच होत नाही. एवढं कुणालाही जमतं. फसगत होते ती पुढे.

दुकानदाराला "सर्व्हिस मिळेल ना?" असं कधीही विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणी "नाही" दिलेलं नाही. त्याऐवजी सुटे भाग मागा, आणि तेही कॅटलॉगमध्ये नव्हे, काउंटरवर. ठिबकसाठी लॅटरलचा जॉइनर, ग्रोमेट-टेकऑफ, डिस्क फिल्टरच्या चकत्या आणि फिल्टरच्या झाकणाचा रबर. बॅटरी पंपासाठी मोटर-पंप, प्रेशर स्विच, चार्जर आणि ट्रिगरचे वॉशर. "उद्या मागवून देतो" हे उत्तर एका भागाबद्दल चालेल. चारपैकी तीन भागांबद्दल तेच ऐकू आलं, तर तो ब्रँड तुमच्या भागात फक्त विकला जातो, सांभाळला जात नाही.

जॉइनरवर इतका जोर देण्याला कारण आहे. 16 मिमी हा आकडा बहुतेक वेळा नळीच्या बाहेरच्या व्यासाचा असतो. भिंतीची जाडी कंपनीगणिक आणि क्लासगणिक बदलते, म्हणून आतलं भोक कमी-जास्त होतं. जॉइनर आत बसतो, त्यामुळे एका कंपनीचा जॉइनर दुसरीच्या पातळ नळीत सैल बसतो आणि दाब आला की निसटतो; जाड नळीत तो जातच नाही. म्हणून घ्यायच्या नळीचा हातभर तुकडा मागून घ्या आणि जवळच्या दुकानात मिळणारा साधा जॉइनर त्यात बसवून बघा. हातानं ओढून निघाला, तर उंदरानं नळी कुरतडली की दर वेळी त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे धाव घ्यावी लागेल.

फवारणी पंपात हीच गोष्ट बॅटरीची. बऱ्याच पाठीवरच्या पंपांत 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी असते. तिचं माप ठरलेलं असल्यानं ती बाजारात सहज मिळते. तळाचं झाकण उघडायला लावून बघा. आत कंपनीचा स्वतःच्या आकाराचा लिथियम पॅक असेल, तर तो हलका असतो हे खरं, पण तो बिघडल्यावर पर्याय फक्त कंपनी. वॉरंटी कार्डावर बॅटरीची मुदत वेगळी आणि कमी लिहिलेली असते, ती वाचा. हंगाम संपल्यावर शिशाची बॅटरी उतरलेली ठेवली तर ती सल्फेट धरून मरते, आणि तो दोष वॉरंटीत बसवून घेणं अवघड जातं.

मग मिस्त्री शोधा, विक्रेता नव्हे. त्याच्या कोपऱ्यात कुठल्या कंपनीचे पंप सुट्या भागांवाचून पडलेत हे बघितलं तरी पुरतं. शेजारच्या शेतकऱ्यांना विचारायचं असेल तर वापराचं दुसरं वर्ष उलटलेल्यांनाच विचारा. पहिल्या वर्षी सगळंच चांगलं चालतं. आणि कंपनीच्या सर्व्हिस नंबरवर ऐन फवारणीच्या दिवसांत, सकाळी फोन करा. एरवी फोन उचलला जातो याला काही किंमत नाही.

समजा एक एकर टोमॅटो आहे. एका कंपनीचं कोटेशन स्वस्त, पण फिल्टरचे भाग यायला चार दिवस. दुसरीचं थोडं महाग, भाग दुसऱ्या दिवशी. फळं लागलेली असताना उन्हाळ्यात चार दिवस पाणी थांबवता येत नाही. फिल्टर काढून पाणी सोडलं तर कचरा ड्रीपरमध्ये जातो, आणि इनलाइन नळीतला बुजलेला ड्रीपर उघडून साफ करता येत नाही. स्वस्त संच घ्यायचाच असेल तर चकत्यांचा जादा संच आणि रबर त्याच बिलात घ्या आणि घरात ठेवा.

बसवून झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी डिस्चार्ज मोजा. ताशी 2 लिटरच्या ड्रीपरखाली 3 मिनिटांत 100 मिली पाणी साठायला हवं. व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या लॅटरलचा पहिला ड्रीपर आणि सर्वांत लांबच्या लॅटरलचा शेवटचा, दोन्ही मोजा. पहिल्याला 102 आणि शेवटच्याला 80 मिली आलं, तर दाब कमी पडतोय: सबमेन बारीक आहे, लॅटरल लांब आहेत किंवा एका व्हॉल्व्हवर क्षेत्र जास्त टाकलंय. "सेट झाल्यावर होईल बरोबर" असं म्हणतील. होत नाही.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज आहे का तेही बघा. खर्च वाचवायला बहुधा हाच गाळतात. फिल्टर स्वच्छ असताना दोन्ही काट्यांत जेवढा फरक दिसतो तो लिहून ठेवा, आणि फरक त्याहून अर्धा किलोनं वाढला की चकत्या धुवा.