मुठीत घेतलेला घोडा

बुद्धिबळ मी कॉलेज संपल्यावर शिकायला घेतलं, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने चांगलाच उशिरा. राजारामपुरीत एका सरांच्या घरी आठ-दहा पोरांची बैठक असायची आणि त्यात सगळ्यात थोराड मीच. महिनाभरात एका गावठी स्पर्धेत नाव घातलं. पहिल्या डावात समोर सातवी-आठवीतला मुलगा होता आणि पाचव्या चालीला माझा वजीर गेला. काळी मोहरी माझी होती.

```
1.e4 e5 2.Nf3 Nf6 3.Nxe5 Nxe4 4.Qe2 Nf6 5.Nc6+
```

(N घोडा, B उंट, R हत्ती, Q वजीर, K राजा.) त्याने प्यादं मारलं म्हणून मीही मारलं. तिसऱ्या चालीला आधी d6 खेळून त्याचा घोडा हुसकायचा असतो, हे तेव्हा कोणाला माहीत! मग त्याने e2 वर वजीर आणून माझ्या घोड्यावर नेम धरला आणि मी घोडा मागे घेतला. e5 वरचा त्याचा घोडा मला दिसत होता, वजीरही दिसत होता. घोडा c6 वर गेला तसा मागच्या वजिराचा शह थेट e8 वरच्या राजाला बसला, आणि घोडा माझ्या वजिरावर. शहाला उत्तर देण्यातच माझी चाल गेली. यालाच डिस्कव्हर्ड चेक म्हणतात.

संध्याकाळी सरांना डाव दाखवला. ते काही बोलले नाहीत. चौथ्या चालीनंतरचा पट मांडला, पांढरा घोडा दोन बोटांनी उचलला आणि मुठीत धरला.

"आता काय दिसतंय?"

"वजिराचा शह आहे, सर."

"मघाशीबी हुताच की. नुसता घोडा आडवा हुता."

तेव्हापासून माझी पद्धत हीच. वजीर, हत्ती आणि उंट एवढीच मोहरी ओळीने लांबवर मारतात, म्हणून आपला यांपैकी एकेक धरायचा. त्याच्या ओळीवरून बोट फिरवायचं आणि आपलंच मोहरं आडवं आलं तर थांबायचं नाही. ते मनातल्या मनात उचलून पुढे जायचं. नवखा माणूस इथेच चुकतो. आपलं मोहरं म्हणजे भिंत असं धरून नजर तिथूनच परत फिरते. पलीकडे राजा, वजीर किंवा राखण नसलेलं मोहरं असेल, तर मग दुसरा प्रश्न विचारायचा: हे पुढचं मोहरं कुठे नेलं तर तेही काहीतरी कमावेल?

दुसरा प्रश्न विसरलात तर पहिल्याचा उपयोग नाही. फ्रेंच बचावातला हा सापळा पाहा.

```
1.e4 e6 2.d4 d5 3.e5 c5 4.c3 Nc6 5.Nf3 Qb6 6.Bd3 cxd4
7.cxd4 Nxd4 8.Nxd4 Qxd4 9.Bb5+
```

काळ्याला वाटलं d4 वरचं प्यादं फुकट आहे. पण d1 वर पांढरा वजीर, d3 वर त्याचाच उंट आणि d4 वर काळा वजीर, सगळे एका उभ्या ओळीत. उंट बाजूला झाला की वजीर वजिराला भिडतो. मात्र ओळ दोन्ही बाजूंनी उघडते. उंट नुसता e2 वर सरकवला, तर काळा आपल्या वजिराने d1 वरचा वजीर मारेल आणि वजिरांची अदलाबदल होऊन पांढऱ्याचं प्यादं तेवढं गेलेलं राहील. उंट b5 वर शह देत जातो म्हणून काळ्याला वेळ मिळत नाही. घाईच्या खेळात हा वेळ मी कितीदा फुकट देऊन बसलोय, त्याचा हिशेब न ठेवलेला बरा.

डबल चेकमध्ये मागचं आणि पुढचं, दोन्ही मोहरी एकदम शह देतात. एका चालीत दोन शह मारता येत नाहीत, आडवं मोहरं घालून दोन्ही अडवताही येत नाहीत. राजाला हलावंच लागतं. नियम पाठ करायला अर्धा मिनिट पुरतो, तो डोळ्यात उतरायला मला हा डाव लागला. व्हिएन्नात १९१० साली रेटीने टार्टाकोवरविरुद्ध खेळलेला.

```
1.e4 c6 2.d4 d5 3.Nc3 dxe4 4.Nxe4 Nf6 5.Qd3 e5 6.dxe5 Qa5+
7.Bd2 Qxe5 8.O-O-O Nxe4 9.Qd8+ Kxd8 10.Bg5+ Kc7 11.Bd8#
```

आठव्या चालीनंतर पट थांबवा. पांढरा हत्ती d1 वर आहे. पुढे d2 वर आपला उंट, d3 वर आपला वजीर. दोन्ही उचला. ओळ सरळ d8 पर्यंत मोकळी आहे, पण तिथे कोणीच नाही. राजा शेजारी e8 वर बसलाय. मी असतो तर ओळ सोडून दिली असती. रेटीने वजीर d8 वर देऊन राजालाच ओळीवर ओढला. राजाला तो मारण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात वजीरही वाटेतून हटला आणि आता आडवा एकटा उंट राहिला.

इथे सरांनी मला थांबवून विचारलं, "उंट कुठं?" मी झटकन a5 म्हणालो. तोही डबल चेकच आहे, b6 आणि c7 मोकळी आहेत. सरांनी काहीही न बोलता काळा राजा e7 वर ठेवला. मात नाही, आणि आपला वजीर तर आधीच गेलेला. उंट g5 वरून शह देतो तेव्हा e7 हे घर त्याच्याच तिरक्या ओळीत येतं. राजाला फक्त दोन घरं उरतात. e8 वर गेला तर हत्ती d8 वर मात करतो, c7 वर गेला तर उंट d8 वर. दोन्हीकडे d8 वरच्या मोहऱ्याला मागून राखण आहे.

आणि g5 वरचा उंट काळ्याच्या दोन मोहऱ्यांच्या तोंडात आहे, e5 वरचा वजीर आणि e4 वरचा घोडा. दोघांनाही तो मारता येत नाही, कारण मारला तरी हत्तीचा शह उभाच राहतो. एरवी 'तिथे मार खाईल' म्हणून जी घरं आपण तपासायच्या आधीच सोडतो, ती डबल चेकमध्ये परत तपासायची. माझ्या डोक्याला ही सवय लागायला बरेच महिने गेले.

सराव मी पटावरच करतो, मोबाइलवर मोहरं मुठीत घेता येत नाही. रोज दोन-तीन जुन्या डावांतल्या मधल्या स्थिती मांडतो. आपले वजीर-हत्ती-उंट झाले की पट फिरवून समोरच्याचेही बघतो. पोरांच्या त्या स्पर्धेत हेच राहिलं होतं.

परवा रंकाळ्यावर एका ओळखीच्या काकांशी डाव टाकला होता. त्यांचा हत्ती माझ्या राजाच्याच ओळीत होता, मध्ये त्यांचा घोडा. घोडा उडाला की हत्तीचा शह आणि माझ्या वजिरावर घोड्याचा नेम. मी मुकाट राजा एक घर बाजूला केला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग पटाकडे. "कुणी शिकवलं रं तुला?" म्हणाले आणि घोड्यावर ठेवलेलं बोट मागं घेतलं.