केमिस्ट्रीच्या दोन वह्या आणि पत्त्यांचा एक जुडगा

बारावीच्या डिसेंबरमध्ये क्लासच्या सराव परीक्षेत केमिस्ट्रीच्या 50 पैकी माझे 27 प्रश्न बरोबर आले. तोपर्यंत मी पुस्तकातले सोळाही धडे एकाच पद्धतीने वाचत होते: धडा वाचायचा, खाली रेघा मारायच्या, पुढे जायचं. त्या रात्री चुकलेले 23 प्रश्न मी कागदावर उतरवले आणि प्रत्येकापुढे तो का चुकला ते लिहिलं. काही ठिकाणी सूत्र येत होतं, पण हात चुकला होता. काही ठिकाणी प्रत्येक अभिक्रिया सुटी सुटी येत होती, पण दोन टप्पे जोडता आले नव्हते. उरलेले प्रश्न मात्र नुसते आठवलेच नव्हते. पहिल्या प्रकारात बहुतेक फिजिकल, दुसऱ्यात ऑरगॅनिक आणि तिसऱ्यात इनऑरगॅनिक होतं. ‘बहुतेक’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे शेवटी येते.

फिजिकलमध्ये माझी फसगत सोडवलेली उदाहरणं वाचण्यात होती. उत्तर समोर असलं की प्रत्येक ओळ पटते आणि गणित आल्यासारखं वाटतं. त्या पेपरात डॅनियल सेलचं साधं गणित होतं: Zn²⁺ 0.1 M, Cu²⁺ 0.01 M, प्रमाण विभव 1.10 V. नर्न्स्टचं समीकरण मला तोंडपाठ होतं, पण लॉगच्या आतला भागाकार मी उलटा मांडला आणि 1.1296 V वर खूण केली. खरं उत्तर असं येतं:

E = 1.10 − (0.0592/2) × log(0.1/0.01) = 1.10 − 0.0296 = 1.0704 V

सूत्राकडे न बघताही ही चूक पकडता आली असती. या अभिक्रियेत Zn²⁺ तयार होतो आणि इथे तोच Cu²⁺ च्या दसपट आहे. म्हणजे अभिक्रियेचा पुढे जाण्याचा जोर कमी होणार आणि उत्तर 1.10 च्या खालीच यायला हवं. तेव्हापासून फिजिकलच्या वहीत प्रत्येक गणिताआधी एक ओळ लिहायची सवय लावली: उत्तर वाढेल की घटेल, आणि साधारण किती येईल. मग कोऱ्या पानावर गणित, कॅल्क्युलेटरशिवाय, कारण सीईटीत तो मिळत नाही. log 2 म्हणजे 0.3010 आणि log 3 म्हणजे 0.4771 एवढ्यावर बरीच गणितं निघतात. चुकलेलं गणित तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या पानावर घ्यायचं. त्याच दिवशी पुन्हा केलं तर हाताला आधीचे आकडेच आठवतात, रीत आठवतेय की नाही ते कळत नाही. हे सगळं मी सकाळी घरी करायचे, कारण यात मध्येच उठून चालत नाही.

ऑरगॅनिकला मी सर्वांत जास्त वेळ दिला, आणि सर्वांत जास्त वायाही तिथेच घालवला. अभिक्रियांची नावं आणि समीकरणं एकाखाली एक लिहून पाठ करायचे. पेपरात विचारलं, इथेनॉलपासून प्रोपेन-1-अमीन कसं मिळवाल. मी इथेनॉलचं ब्रोमोइथेन केलं, त्यावर अमोनिया घातला आणि थांबले. तसं केलं तर इथेनामीन मिळतं, तेही इतर अमीन्सच्या मिश्रणात. अभिक्रिया खरी होती, पण कार्बन दोनच राहिले आणि हवे होते तीन.

आमच्या क्लासच्या सरांनी तेव्हा मला एकच सांगितलं, “आधी कार्बन मोज, अभिक्रिया नंतर शोध.” त्या दिवशी अमीनचा धडा मी नव्याने मांडला. पानाच्या मध्यभागी अमीन, आणि त्याकडे येणारे बाण तीन गटांत. कार्बन एकाने वाढवणारा रस्ता नायट्राइलचा: अल्काइल हॅलाइडवर अल्कोहोलमधलं KCN, मग क्षपण. एकाने घटवणारा रस्ता हॉफमन ब्रोमामाइडचा: अमाइडवर ब्रोमीन आणि KOH. कार्बन तेवढेच ठेवणारा रस्ता त्याच अमाइडवर LiAlH₄ चा. आता वरचा प्रश्न आपोआप सुटतो:

C₂H₅OH → C₂H₅Br → C₂H₅CN → C₂H₅CH₂NH₂

पहिल्या बाणावर PBr₃, दुसऱ्यावर KCN, तिसऱ्यावर सोडियम आणि इथेनॉल. मधल्या बाणावर KCN ऐवजी AgCN लिहिलं की उत्तर बिघडतं. KCN आयनिक असल्याने सायनाइडचा कार्बन जोडला जातो, तर AgCN सहसंयुज असल्याने नायट्रोजन जोडला जातो आणि आयसोसायनाइड तयार होतं. असं कारण बाणाशेजारीच लिहिलं की अभिकारक वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

एक धोका सांगते. हा नकाशा रंगीत पेनांनी सुंदर काढून भिंतीवर लावण्याचा मोह होतो. मीही लावला होता, आणि आठवडाभर त्याकडे बघूनही काही पक्कं झालं नाही. उपयोग होतो तो कोऱ्या पानावर आठवून काढण्याचा. एक दिवसाआड संध्याकाळी एकच धडा घ्यायचे, न बघता नकाशा काढायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले बाण लाल पेनाने भरायचे. लाल बाण कमी होत गेले की धडा बसतोय हे दिसतं. त्यानंतर उलटा प्रवास: शेवटचं संयुग घेऊन मागे मागे यायचं. पुढे जाता येतं, पण मागे येताना अडायला होतं, असं बऱ्याच जणांचं होतं. परीक्षेत मात्र दोन्ही लागतं.

इनऑरगॅनिक मी टेबलाशी बसून करणं थांबवलं. आम्ही कोपरखैरण्यात राहायचो आणि क्लास नौपाड्यात होता. ठाण्याच्या लोकलमध्ये घणसोली, रबाळे, ऐरोली जाईपर्यंतचा वेळ पत्त्यांना द्यायचे. पाठकोऱ्या कागदांचे छोटे तुकडे, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. XeF₄ चा आकार? समतल चौरस. Mn²⁺ मध्ये अयुग्मित इलेक्ट्रॉन किती? पाच. उत्तर मनात म्हटल्याशिवाय पत्ता उलटायचा नाही. आलेला पत्ता चार दिवसांनी, न आलेला परतीच्या गाडीत. सुरुवातीला मी जुडगा पिसत नव्हते, त्यामुळे क्रमच पाठ झाला आणि मधलाच पत्ता काढला की अडायचे.

अपवादांच्या पत्त्यांवर कारणही लिहा. हॅलोजनमध्ये बंध एन्थाल्पीचा क्रम Cl₂ > Br₂ > F₂ > I₂ असा आहे. F₂ मध्येच घुसलेला दिसतो, म्हणून क्रम नुसता पाठ केला की हमखास हलतो. फ्लोरीनचा अणू इतका लहान की दोन्ही अणूंवरच्या एकाकी जोड्या एकमेकींना ढकलतात आणि बंध कमकुवत होतो, एवढं वाक्य पत्त्यावर असलं की क्रम पुन्हा तयार करता येतो.

आता त्या ‘बहुतेक’बद्दल. पुस्तकातल्या शिक्क्यावरून वाटणी केली तर काही धडे चुकीच्या जागी पडतात. को-ऑर्डिनेशन संयुगं इनऑरगॅनिकमध्ये मोडतात, म्हणून मी त्यांचे पत्ते केले, आणि तिथेच चुका होत राहिल्या. [FeF₆]³⁻ मध्ये पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन आणि [Fe(CN)₆]³⁻ मध्ये एक, हे पाठ करण्यासारखं नाही. ऑक्सिडीकरण अवस्था काढायची, d इलेक्ट्रॉन मोजायचे, लिगंड प्रबळ की दुर्बल ते पाहून भरायचे, हे हाताचं काम आहे. तो धडा फिजिकलच्या वहीत हलवला. उलट पॉलिमर ऑरगॅनिकमध्ये असले तरी नायलॉन 6 चा मोनोमर कॅप्रोलॅक्टम हे पत्त्यावरच बसतं. घन अवस्थेचा धडा तर दोन्हीकडे फुटला: 74, 68 आणि 52.4 टक्के ही संकुलन क्षमता पत्त्यांवर, घनतेची गणितं वहीत.

म्हणून वाटणी करताना धड्याचं नाव बघू नका. त्या धड्यातले तुमचे चुकलेले पाच-सहा प्रश्न काढा आणि ते हात चुकल्याने गेले, रस्ता न सापडल्याने गेले की आठवलेच नाहीत, ते बघा. जानेवारीत मी हे पुन्हा केलं तेव्हा आणखी एक धडा हलला: बायोमॉलिक्युल्समधल्या ग्लुकोजच्या अभिक्रिया पत्त्यांवरून नकाशात गेल्या, कारण HI बरोबर n-हेक्झेन मिळतं हे मला येत होतं, पण त्यावरून सहा कार्बन सरळ साखळीत आहेत हा निष्कर्ष विचारला की जमत नव्हता.